‘ऊस डोंगा परी’ : चोखोबांच्या अभंगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आमचा रविवारचा अभंगवर्ग चालतो. आठवी ते दहावीची पोरं येतात, मागच्या बाकावर त्यांच्या आयाही बसतात. चोखामेळ्यांचा हा चार कडव्यांचा अभंग घेतला की पुढचा आठवडाभर फोनवर प्रश्न येत राहतात, आणि दर वर्षी बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. उत्तरं पोरांसाठी आहेत, तेव्हा ‘तू’ म्हटलं आहे. आयांनी राग मानू नये.

१. आधी पूर्ण अभंग लिहून द्या ना. मला पाठ होता, पण मधलं कडवं विसरतो.

हा घे :

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥१॥

कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥२॥

नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें ।
काय भुललासी वरलिया रंगें ॥३॥

चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥४॥

कमान आणि नदी यांची अदलाबदल झाली तरी अर्थाचं फारसं बिघडत नाही. चोखा मात्र शेवटीच आला पाहिजे. का, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. डोंगा म्हणजे काय? आमच्या घरी भाजी वाढायच्या मोठ्या भांड्याला डोंगा म्हणतात. आजोबा भंडाऱ्याचे आहेत, ते म्हणतात डोंगा म्हणजे नाव.

तुझं घरही बरोबर आणि आजोबाही बरोबर. वैनगंगेवर मासे धरणाऱ्यांच्या लहान नावेला डोंगाच म्हणतात. पण या अभंगात त्या दोन्हींचा संबंध नाही. इथे डोंगा म्हणजे वाकडा. ऊस, रस आणि तीर पुल्लिंगी, म्हणून डोंगा. कमान आणि नदी स्त्रीलिंगी, म्हणून डोंगी. जळ नपुंसकलिंगी, म्हणून डोंगें.

बाकीचे शब्दही इथेच बघून घे. ‘परी’ म्हणजे पण. ‘नोहे’ म्हणजे नव्हे. ‘भुललासी’ म्हणजे भुललास. ‘वरलिया’ म्हणजे वरल्या, वरच्या. ‘वरल्या माळ्यावर ठेव’ असं आपल्याकडे अजूनही म्हणतात, त्यामुळे विदर्भातल्या पोराला हा शब्द जुना वाटायचं कारण नाही. ‘काय’ मात्र फसवतो. इथे तो ‘काय वस्तू’ विचारणारा काय नाही, ‘कशाला’ या अर्थाचा आहे. वर्गातल्या एका आजीने पूर्ण ओळ वऱ्हाडीत सांगून टाकली होती : “काऊन भुलला बाप्पा वरल्या रंगाले?” यापेक्षा चांगला अर्थ मला सांगता येणार नाही.

३. पहिलं कडवं सोपं करून सांगा. ऊस तर सरळच असतो की!

बाजारात येतो तो बहुतेक सरळ असतो. शेतातला नेहमी नसतो. वाऱ्यापावसात ऊस आडवा पडतो. शेतकरी म्हणतात, ऊस लोळला. लोळलेल्या उसाचा शेंडा पुन्हा उजेडाकडे वळून वर वाढू लागतो आणि कांडं मध्येच वाकतं. असा ऊस दिसायला वेडावाकडा असतो.

आता उन्हाळ्यात कुठल्याही रसवंतीपाशी पाच मिनिटं उभा राहा आणि रसवाल्याचे हात बघ. सरळ ऊस तो नुसता पुढे ढकलतो. वाकडा आला की बाकाशी कोयत्याने तुकडा करतो, दोन्ही तुकडे चरकात घालतो, मग चोयटी दुमडून, मध्ये लिंबू-आलं ठेवून पुन्हा फिरवतो. खाली जर्मनच्या भांड्यात रस पडतो. त्या भांड्यात पाहून सरळ उसाचा रस कुठला आणि वाकड्याचा कुठला, हे कोणाला सांगता येईल? पहिल्या कडव्यात चोखोबा एवढंच म्हणतात : ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो, मग वरच्या दिसण्याला कशाला भुललास?

एक गोष्ट नीट लक्षात घे. ते ‘रस गोड आहे’ असं म्हणत नाहीत, ‘रस वाकडा नाही’ एवढंच म्हणतात. वाकडेपणा हा आकाराचा दोष आहे, आणि रसाला आकारच नाही. ज्या मापाने उसाला नावं ठेवलीस, ते माप रसाला लागूच पडत नाही. चारही कडव्यांत हाच डाव आहे.

४. ‘काय भुललासी’ हे चोखोबा कोणाला म्हणताहेत? विठ्ठलाला का?

अभंगात नाव नाही. ‘भुललासी’ म्हणजे ‘तू भुललास’, समोर कोणीतरी एक आहे एवढंच कळतं. काही कीर्तनकार ‘देवा, तूही भुललास का?’ अशा अंगाने सांगतात, आणि तसं सांगायला चोखोबांच्या इतर अभंगांचा आधार आहे, कारण ते विठ्ठलाला अगदी तोंडावर बोलतात. पण मला वाटतं हा प्रश्न बघणाऱ्याला आहे : देवळाच्या दारात उभं राहून कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही हे ठरवणाऱ्याला. आणि आज वाचणाऱ्याला, म्हणजे तुलाही.

प्रश्नाचा सूर ऐक. ‘मला बरा म्हणा’ अशी विनवणी यात नाही. ‘तुला नीट दिसत नाही, तू फसलास’ असं हे सांगणं आहे. ज्याला सगळे दोषी ठरवतात तोच समोरच्याची चूक दाखवतो आहे. परीक्षेत हे वाक्य कामी येईल.

५. रंग म्हणजे कातडीचा रंग का? म्हणजे हा गोऱ्या-काळ्याचा अभंग आहे?

नाही. ऊस, कमान आणि नदी या तिघांत रंगाचा प्रश्नच निघत नाही, तिन्हींचा दोष वाकडेपणाचा आहे. ‘वरलिया रंगा’ म्हणजे वरचं रूप, वरवरचा देखावा. गोऱ्या-काळ्याला हा अभंग लावायचा तर लाव, चालेल, पण चोखोबांना जो वरचा रंग अडवत होता तो जातीचा होता.

६. कमानीचं कडवं मला पटत नाही. रस उसाच्या आत असतो, पण तीर कमानीच्या आत कुठे असतो? उदाहरण चुकलं नाही का?

हा प्रश्न विचारणारी पोरगी आठवीतली होती, आणि मोठ्यांपैकी कोणाला तो सुचला नव्हता.

आधी अर्थ. इथली कमान म्हणजे दाराची कमान नव्हे, धनुष्य. धनुष्य वाकडं असतं, पण त्यातून सुटणारा तीर वाकडा नसतो. आता शंका. बहुतेक गाईडांत या अभंगाचा सारांश ‘बाहेरचं पाहू नका, आतलं पाहा’ असा दिलेला असतो. तो धरला तर हे कडवं खरंच बसत नाही, कारण तीर धनुष्याच्या आत नसतोच. म्हणजे उदाहरण चुकलेलं नाही, सारांश तोकडा पडतो.

तिन्ही जोड्या शेजारी ठेवून बघ. रस उसात साठलेला असतो आणि पिळल्यावर निघतो. तीर धनुष्यावर बाहेरून चढवतात आणि तो धनुष्य सोडून लांब जातो. जळ नदीतून वाहत असतं. आत असणं हे तिघांत सारखं नाही. सारखं हे आहे की तिन्ही ठिकाणी वाकड्याकडून सरळ काहीतरी मिळतं. ऊस रस देतो, धनुष्य तीर सोडतं, नदी पाणी आणते. माणूस काय देतो ते बघ, कसा दिसतो ते नको, असा या अभंगाचा रोख आहे.

कमानीत आणखी एक गंमत आहे. ऊस वाकडा नसता तरी रस निघालाच असता. पण धनुष्य वाकवल्याशिवाय तीर सुटतच नाही. दोरी ताणावी तितकं ते जास्त वाकतं आणि तीर तितका जोरात जातो. ज्याला तू दोष म्हणतोस, इथे नेमकं तेच कामाचं आहे. पहिल्या कडव्यात वाकडेपणा आडवा येत नव्हता इतकंच, दुसऱ्यात तो हवाच आहे.

७. आणि नदी? नदी वळली की पाणीही वळतंच ना?

वळतं, पण नदीच्या पात्रात असेपर्यंत. ओंजळीत घे, ते ओंजळीसारखं होतं. कळशीत भर, कळशीसारखं होतं. वळण काठांचं असतं, पाण्याचं स्वतःचं नसतं. ‘जळ नोहे डोंगें’ म्हणजे पाणी नदीत असताना वळणं घेतं, तरी पाण्याला वाकडं म्हणता येत नाही. नदी कशी वाहते हे बघून तहानलेला माणूस परत फिरत नाही.

आपल्या शहराचं नाव ज्या नाग नदीवरून पडलं असं सांगतात, तिला हे नाव नागासारख्या वळणांमुळेच मिळालं असं म्हणतात. डोंगी नदी म्हणजे काय हे बघायला लांब जायला नको.

८. पण नाग नदीचं पाणी तर घाण आहे!

आहे. तो दोष नदीचाही नाही आणि चोखोबांचाही नाही, तिच्यात सांडपाणी सोडणाऱ्यांचा आहे. कडव्याच्या उदाहरणासाठी हवं तर कन्हान घे.

९. शेवटच्या कडव्यात एकदम ‘चोखा डोंगा’ कसं आलं? आपलं नाव घालायची पद्धत म्हणून?

अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं हे खरं, त्याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांचं ‘तुका म्हणे’, नामदेवांचं ‘नामा म्हणे’. ते बहुतेक वेळा सहीसारखं असतं, वाक्यातून काढलं तरी अर्थाला धक्का लागत नाही. इथे ‘चोखा म्हणे’ नाही. चोखा हाच उदाहरण आहे, ऊस, कमान आणि नदी यांच्या रांगेतला चौथा. सही काढली तर कडवंच उरत नाही.

आता रचना बघ. पहिल्या तीन कडव्यांना कोणीही मान डोलावतं. ऊस वाकडा, रस नाही, बरोबर. कमान वाकडी, तीर नाही, बरोबर. नदी वाकडी, पाणी नाही, तेही बरोबर. तीनदा ‘बरोबर’ म्हणून झाल्यावर चौथ्यांदा त्याच चालीत, त्याच शब्दांत समोर येतो तो माणूस, ज्याची सावलीही अंगावर पडू द्यायची नाही असं ऐकणाऱ्याला शिकवलेलं आहे. आता ‘नाही’ कसं म्हणणार? म्हणायचं तर आधीचे तीन होकार मागे घ्यावे लागतात. कोर्टात वकील साक्षीदाराकडून निरुपद्रवी गोष्टी एकेक करून कबूल करून घेतो आणि मग मुद्द्यावर येतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून चोखा शेवटीच हवा. तो पहिला आला असता तर समोरचा तिथेच उठून गेला असता.

आणि ‘डोंगा’ हा शब्द तोच ठेवला आहे. ‘चोखा गरीब’ किंवा ‘चोखा हीन’ म्हटलं असतं तर रांग मोडली असती. तोच शब्द ठेवल्यामुळे जातीने हीन असणं उसाच्या बाकाइतकं वरवरचं होऊन जातं.

१०. भाव म्हणजे भक्ती का?

भक्ती धरलीस तर चुकणार नाहीस. पण भाव थोडा मोठा आहे. एखाद्याबद्दल मनात जे खरोखर आहे, दाखवायचं म्हणून केलेलं नाही, तो भाव. ‘देव भावाचा भुकेला’ म्हणतात तो हाच. इथे विठ्ठलाबद्दलची खरी ओढ असा अर्थ घे. वाकडा भाव म्हणजे मनात एक आणि हात जोडलेले दुसऱ्यासाठी. चोखोबा म्हणतात, माझा तसा नाही.

११. चोखामेळा कोण होते? चार ओळींत सांगा, पेपरात तेवढंच लागतं.

चौदाव्या शतकातले वारकरी संत, महार जातीतले, नामदेवांना गुरू मानणारे. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म आपल्याच विदर्भातला, बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाजवळच्या मेहुणा राजा गावचा. काही जण मात्र मंगळवेढ्याचं नाव घेतात. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणे बंका हे सगळे अभंग रचणारे. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि १३३८ मध्ये त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली.

चारच्या सहा ओळी झाल्या. सातवी लिहिलीच पाहिजे अशी : जिवंतपणी त्यांना त्या देवळात जाता आलं नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं, म्हणजे चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे वर्षांनी. त्यांचा एक अभंग ‘धांव घाली विठू आतां चालूं नको मंद । मज मारिती बडवे कांहीं तरी अपराध’ असा सुरू होतो. ‘वरलिया रंगा’ भुलणारे कोण होते ते या ओळीवरून कळतं.

१२. आमच्या बाबांचं म्हणणं आहे की ‘चोखा डोंगा’ म्हणजे त्यांनी स्वतःला हलकं मानून घेतलं. हे गुलामीचं गाणं आहे, पोरांना शिकवू नका. तुमचं काय म्हणणं?

दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न येणारच, आणि तो यायलाच हवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांच्या घराने नागपुरात धम्म घेतला, त्यांना ‘माझं मन शुद्ध आहे, मला आत घ्या’ ही भाषा का पुरत नाही हे सहज समजतं. मन शुद्ध असो वा नसो, माणूस म्हणून हक्क आहेच, असं ते म्हणतात. त्यावर मला वाद घालायचा नाही.

तरी अभंग हातात घेऊन दोन गोष्टी बघ. पहिली, ‘चोखा डोंगा’ ही कबुली आहे की डाव? वादात ‘बरं, तू म्हणतोस तसं धरू’ असं म्हणून समोरच्याला त्याच्याच शब्दांत अडकवता येतं. प्रश्न ९ मध्ये सांगितलेली रांग पाहिली तर मला ते तसं वाटतं. पण चोखोबांचे सगळे अभंग या सुरात नाहीत. ‘हीन याती माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा’ यात डाव दिसत नाही, दुःखच दिसतं. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही सूर आहेत, आणि एक लपवून दुसरा शिकवणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट, त्यांच्याच घरात याला दिलेली उत्तरं. सोयराबाई म्हणतात : ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥’ विटाळ देहातच जन्मतो, तर मग सोवळा कोण उरला? त्यांनी ‘मी डोंगी’ म्हणणंच सोडून दिलं आहे. आणि मुलगा कर्ममेळा तर थेट देवावर चिडतो : ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’ बापाची समजावणी, आईचा युक्तिवाद, मुलाचा संताप, तिन्ही एकाच घरातले. वर्गात मी हे तिन्ही शेजारी ठेवून वाचतो. एकटं ‘ऊस डोंगा’ शिकवलं तर तुझ्या बाबांची तक्रार खरी ठरते.

बाबांना एक सांग. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. यावरून बाबासाहेबांना चोखोबांचा मार्ग मान्य होता असं ठरत नाही. पण माणूस त्यांनी टाकून दिला नव्हता, हे ठरतं.

१३. ‘वरलिया’ असं लांबवून का लिहिलंय? ‘वरल्या रंगा’ लिहिलं तर काय बिघडतं?

चाल बिघडते. अभंगात ऱ्हस्व-दीर्घ धरत नाहीत, अक्षरं मोजतात, आणि जोडाक्षर एकच धरतात. बोटांवर मोज : ऊ-स-डों-गा-प-री, सहा. र-स-नो-हे-डों-गा, सहा. का-य-भु-ल-ला-सी, सहा. व-र-लि-या-रं-गा, सहा. ‘वरल्या’ केलंस की पाचच राहतात आणि टाळ पडताना एक घर रिकामं राहतं.

मोजताना ‘कमान डोंगी परी’ मध्ये सात येतील, आणि तू ‘चूक सापडली’ म्हणून मला फोन करशील. करू नकोस. गाताना ‘कमान’ जरा घाईने म्हणतात आणि ते सहाच्या घरात बसतं. अभंग आधी तोंडी फिरले, मग कागदावर आले. त्यात असं एखादं अक्षर इकडेतिकडे चालतं.

१४. माझ्या पुस्तकात तिसऱ्या कडव्यात ‘रंगा’ आहे, तुम्ही ‘रंगें’ दिलंय.

दोन्ही छापलेलं सापडतं. ‘डोंगें’शी यमक जुळवायचं तर ‘रंगें’, पालुपद जसंच्या तसं ठेवायचं तर ‘रंगा’. परीक्षेला पुस्तकातलंच लिही.

१५. रसग्रहणात काय लिहायचं? आणि मार्क कुठे जातात?

मार्क जातात ते बहुतेक चार ठिकाणी. कमान म्हणजे दाराची कमान लिहिलं. ‘भुललासी’चा अर्थ विसरलास असा केला, ते ‘भूल पडणे’, मोहात पडणे आहे. अलंकार विचारला आणि उपमा लिहिली. इथे ‘सारखा’, ‘जसा’, ‘परी’ असा तुलना करणारा शब्दच नाही (‘परी’ आहे, पण तो ‘पण’ या अर्थाचा आहे, तिथेच पोरं घसरतात), तेव्हा दृष्टान्त लिही. आणि शेवटचं, ‘आपण सर्वांनी मन शुद्ध ठेवावे’ असा उपदेश चिकटवला, जो अभंगात कुठेच नाही. अभंग बघणाऱ्याला सुनावतो, बघितल्या जाणाऱ्याला नाही.

वर्गातल्या एका पोराचं उत्तर त्याच्या परवानगीने थोडं दुरुस्त करून देतो. पाठ करू नकोस, बांधणी बघ :

‘या अभंगात संत चोखामेळा ऊस, कमान आणि नदी यांचे दृष्टान्त देतात. तिन्ही वस्तू वाकड्या असल्या तरी त्यांच्याकडून मिळणारे रस, तीर आणि पाणी वाकडे नसतात. प्रत्येक वेळी ते “काय भुललासी” असे विचारून वरवर पाहणाऱ्याची चूक दाखवतात. चौथ्या कडव्यात ते स्वतःलाच त्या रांगेत उभे करतात. त्यामुळे तीन दृष्टान्त मान्य करणाऱ्या श्रोत्याला चौथे विधान नाकारता येत नाही. “डोंगा” या शब्दाची पुनरावृत्ती आणि पालुपद यांमुळे हा मुद्दा प्रत्येक कडव्यात अधिक ठाम होतो.’

१६. माझा मित्र कोणाशीही उद्धट बोलतो आणि वर म्हणतो, “मी बाहेरून डोंगा आहे, भाव डोंगा नाही.” त्याला काय उत्तर देऊ?

अवघड प्रश्न, आणि यात अभंगाचा गैरवापर आहे. चोखोबांचा डोंगेपणा कुठला होता? जन्माचा. तो त्यांनी केलेला नव्हता, लोकांनी त्यांच्यावर ठेवलेला होता. उद्धट बोलणं तुझ्या मित्राने स्वतः केलेलं आहे. ते त्याचं वरचं रूप नव्हे, त्याच्यातून बाहेर पडलेली वस्तू आहे. अभंगाच्या हिशेबाने बोलणं हा ऊस नाही, रस आहे. (रस, तीर आणि जळ कशाला म्हणायचं ते प्रश्न ६ मध्ये आहे.) तीर वाकडा जात असेल तर कमानीकडे बोट दाखवून सुटका नाही.

उलटी बाजूही विचारात घे. एखादा पोरगा बोलताना अडखळतो, कपडे जुने घालतो, वऱ्हाडी हेल काढतो म्हणून त्याला हसणारे असतात. तिथे हा अभंग अगदी बरोबर बसतो, कारण त्यातलं काहीच त्याने कोणाचं वाईट करायला केलेलं नाही.

याच प्रश्नाचा धाकटा भाऊ म्हणजे अक्षर. एकाने वही देताना सांगितलं, “सर, अक्षर डोंगं आहे, भाव बघा.” मी म्हटलं, ठीक, भाव बघू. वही उघडली तर आठपैकी पाच उत्तरं कोरी होती.